औषधाची रिअ‍ॅक्शन कळवायची आहे? आधी तारखा लावा

‘गेल्या महिन्यात वडिलांना नसेच्या दुखण्यावर गोळ्या चालू केल्या होत्या. मध्येच ताप आला म्हणून अँटिबायोटिक दिलं, त्याची रिअ‍ॅक्शन होऊन अंगभर पुरळ उठलं. अ‍ॅडमिट करावं लागलं. आता बरे आहेत.’

औषधाच्या रिअ‍ॅक्शनची माहिती बहुतेक वेळा अशीच येते. यात खोटं काहीच नाही. पण गोळीचं नाव नाही, एकही तारीख नाही, ‘आता बरे’ म्हणजे किती बरे आणि कधीपासून, तेही नाही. शिवाय लिहिणाऱ्याने निकालही देऊन टाकलाय: दोष अँटिबायोटिकचा. हीच हकीगत तारखा लावून लिहिली तर संशय दुसऱ्याच गोळीवर जातो. ते कसं, हे एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत पाहू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण अशा क्रमाने घडणारी रिअ‍ॅक्शन वैद्यकात चांगलीच ओळखीची आहे.

त्याआधी ही माहिती जाते कुठे, ते थोडक्यात. आपल्याकडे ‘फार्माकोव्हिजिलन्स प्रोग्रॅम ऑफ इंडिया’ 2010 मध्ये सुरू झाला. त्याचं राष्ट्रीय समन्वय केंद्र 2011 पासून गाझियाबादला, इंडियन फार्माकोपिया कमिशनमध्ये आहे. देशभरातल्या अनेक मेडिकल कॉलेजांत आणि मोठ्या रुग्णालयांत त्याची एडीआर मॉनिटरिंग सेंटर्स, म्हणजे औषधांच्या रिअ‍ॅक्शनची नोंद घेणारी केंद्रं आहेत. मेडिकल कॉलेजात असं केंद्र सहसा फार्माकॉलॉजी विभागाकडे असतं. डॉक्टर, नर्स आणि फार्मासिस्ट यांच्यासाठी एक फॉर्म आहे. रुग्ण आणि नातेवाइकांसाठी वेगळा, सोपा फॉर्म आहे आणि तो मराठीतही मिळतो. ‘ADR PvPI’ हे मोबाइल अ‍ॅप आहे, ADRMS नावाची ऑनलाइन व्यवस्था आहे, `pvpi.ipc@gov.in` हा ईमेल आहे आणि 1800-180-3024 हा टोल-फ्री नंबर कामाच्या दिवशी चालू असतो. फॉर्मवर रुग्णाचं नाव लिहायचं नसतं, फक्त आद्याक्षरं. ‘कळवणं म्हणजे डॉक्टरची, कंपनीची किंवा औषधाची चूक मान्य करणं नव्हे’ असं फॉर्मवरच छापलेलं असतं. त्यामुळे ‘डॉक्टरांना राग येईल’ ही भीती बाजूला ठेवा. मात्र हे केंद्र उपचार करत नाही की भरपाई मिळवून देत नाही. अंगावर पुरळ, ताप, चेहऱ्याला सूज असं काही असेल तर आधी दवाखाना, फॉर्म मागाहून.

तारखांचा कागद

आता आपले काका. वय 52. गालात वीज चमकल्यासारखी कळ यायची, दात घासताना, घास चावताना. डॉक्टरांनी ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचं निदान करून कार्बामॅझेपिन चालू केलं. रक्तदाबाची गोळी चार वर्षं चालूच होती. घरच्यांनी केसपेपर, बिलं आणि मोबाइलमधले मेसेज समोर ठेवून क्रम लावला, तो असा:

मेचा शेवटचा आठवडा: गुडघेदुखीसाठी ओळखीच्यांनी दिलेलं चूर्ण सुरू, नेमकी तारीख आठवत नाही.
3 जून: कार्बामॅझेपिन 100 मिग्रॅ, दिवसातून दोनदा.
10 जून: डोस वाढवून 200 मिग्रॅ, दोनदा.
24 जून: सकाळी अंग मोडून आलं, रात्री 101 ताप, घसा दुखतो.
26 जून: फॅमिली डॉक्टरांकडून अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट सुरू.
28 जून: छातीवर आणि पाठीवर लाल पुरळ, खाज.
29 जून: पुरळ हातापायांवर, चेहरा सुजला, मानेत गाठी.
30 जून: अ‍ॅडमिट. कार्बामॅझेपिन, अँटिबायोटिक आणि चूर्ण, तिन्ही बंद. रक्तात इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी 2100 (एरवी साधारण 500 च्या आत), लिव्हरची एसजीपीटी तपासणी 380 (एरवी साधारण 40 च्या आसपास).
1 जुलै: स्टेरॉइड सुरू.

एवढं कागदावर आलं की 24 आणि 26 जून या दोन ओळींवर नजर थांबते. ताप अँटिबायोटिकच्या दोन दिवस आधीचा आहे. घरच्यांच्या डोक्यात ‘रिअ‍ॅक्शन’ म्हणजे पुरळ, म्हणून त्यांनी 28 तारखेपासून मागे मोजलं आणि हाताला लागलं ते अँटिबायोटिक. पण ताप हीच जर रिअ‍ॅक्शनची सुरुवात असेल, तर अँटिबायोटिक हे रिअ‍ॅक्शनच्या पहिल्या लक्षणावर दिलेलं औषध ठरतं, तिचं कारण नव्हे. रिपोर्ट तपासणाऱ्यांना हा गोंधळ सारखा दिसतो. आधी ताप, मग अँटिबायोटिक, मग पुरळ, आणि नाव खराब होतं अँटिबायोटिकचं.

ताप, पुरळ, चेहऱ्याची सूज, गाठी, वाढलेले इओसिनोफिल आणि लिव्हरला बसलेला फटका हे सगळं एकत्र दिसलं की डॉक्टरांच्या मनात ‘ड्रेस सिंड्रोम’ येतो. ही रिअ‍ॅक्शन गोळी घेतल्या घेतल्या येत नाही. औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी ती डोकं वर काढते. 3 जूनपासून 24 जून म्हणजे बरोबर तीन आठवडे. अँटिबायोटिकपासून पुरळापर्यंत मात्र दोनच दिवस. कार्बामॅझेपिन तर ड्रेसच्या नेहमीच्या कारणांतलं एक आहे. म्हणून फॉर्मवरचा ‘रिअ‍ॅक्शन कधी सुरू झाली’ हा रकाना पुरळाच्या तारखेने भरायचा नाही. पहिलं लक्षण दिसलं ती तारीख तिथे येते: 24 जून. पुरळ, सूज, गाठी यांच्या तारखा वर्णनात.

चूर्णाची तारीख आठवत नव्हती, तर ती ‘25 मे’ असं ठोकून दिली नाही, हेही लक्षात घ्या. ‘मेचा शेवटचा आठवडा’ ही अर्धवट पण खरी माहिती आहे. अंदाजाने घातलेला आकडा मात्र फॉर्मवर खरी तारीख म्हणूनच वाचला जातो, आणि दोन-चार दिवसांच्या फरकाने निष्कर्ष फिरू शकतो. महिना अक्षरात लिहिलेला बरा. 6/7 म्हणजे सहा जुलै की सात जून, यावर नंतर कुणीतरी फोन करत बसतं.

शिवाय डोस वाढवल्याची तारीख हवी. ती बहुतेक जण सोडतात, कारण ‘गोळी तीच होती ना’. पण औषध तेच असलं तरी वाढवलेल्या डोसनंतर सुरू झालेला त्रास आणि पहिल्या गोळीपासूनचा त्रास, यांचे अर्थ वेगळे निघतात.

संशय कुणावर, आणि बाकीचे कोण

फॉर्ममध्ये संशयित औषधासाठी एक तक्ता असतो आणि सोबत घेतलेल्या औषधांसाठी दुसरा. इथे लोक दोन टोकांना जातात. काही जण एकच नाव लिहून मोकळे होतात, काही जण घरात होतं-नव्हतं ते सगळं संशयितांत कोंबतात. काकांच्या बाबतीत संशयितांत पहिलं कार्बामॅझेपिन, दुसरं अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट. दुसऱ्यावर संशय कमी असला तरी त्याला वगळायचं नाही. पुरळाच्या दोन दिवस आधी ते सुरू झालं होतं आणि अ‍ॅमॉक्सिसिलिनने पुरळ येतं हे माहीतच आहे. तपासणाऱ्याला दोन्ही शक्यता दिसल्या पाहिजेत.

रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन 5 मिग्रॅ ही गोळी सोबतच्या औषधांत जाते. चार वर्षं ती चालू होती, अ‍ॅडमिट असतानाही बंद केली नाही आणि ती चालू असतानाच काका बरे होत गेले. हे वाक्य फॉर्मवर जरूर लिहा. चालू राहूनही त्रास ओसरला, म्हणजे ती गोळी जवळजवळ सुटली.

चूर्ण अवघड आहे. ते चार-पाच आठवडे पोटात जात होतं, म्हणजे वेळेच्या हिशेबात तेही बसतं. पुडीवर घटकांची यादी नाही. घरचे ते सांगायला तयार नसतात, एक तर ‘ते काय औषध आहे का’ म्हणून आणि दुसरं देणाऱ्याचं नाव पुढे येईल म्हणून. देणाऱ्याचं नाव कुणी मागत नाही. ‘गुडघेदुखीचं चूर्ण, घटक माहीत नाहीत, रोज एक चमचा, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून 30 जूनपर्यंत’ एवढं पुरे, आणि उरलेली पुडी फेकू नका. कारखान्यात बनलेलं, लेबल असलेलं आयुर्वेदिक औषध संशयित असेल तर आयुष औषधांसाठी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानाकडे वेगळी समन्वय व्यवस्था आहे. पण अ‍ॅलोपॅथीच्या गोळीसोबत घेतलेलं असलं तर या फॉर्मवर त्याची नोंद हवीच.

आता औषधाचं नाव कसं लिहायचं ते. ‘नसेची गोळी’ किंवा ‘पांढरी गोळी’ याचा उपयोग नाही. ब्रँडचं नाव आणि आतला घटक, दोन्ही हवेत, कारण एकाच ब्रँडच्या नावापुढे एखादं अक्षर लागलं की आतलं औषध बदलतं. साधी गोळी होती की हळूहळू विरघळणारी, तेही. मग उत्पादक, बॅच नंबर, एक्स्पायरी. आपल्याकडे घोडं अडतं ते बॅच नंबरवर. मेडिकलवाला कात्रीने चार गोळ्या कापून देतो आणि नंबर छापलेलं टोक त्याच्याच बरणीत राहतं. अशा वेळी बिल शोधा, पक्क्या बिलावर बॅच आणि एक्स्पायरी असते. बिल नसेल तर त्याच दुकानात तारीख सांगून विचारता येतं. तेही जमलं नाही तर रकाना रिकामा सोडा, बॅच नंबर नाही म्हणून रिपोर्ट अडत नाही. ड्रेससारखी रिअ‍ॅक्शन औषधाच्या घटकावरच येते, त्यामुळे इथे बॅचचं वजन कमी. सलाइन चढवल्यावर तासाभरात वॉर्डातल्या तिघांना हुडहुडी भरली तर मात्र पहिला प्रश्न बॅचचाच असतो.

औषध कशासाठी दिलं होतं, हा रकाना लोक किरकोळ समजतात. पण अँटिबायोटिकपुढे ‘24 जूनपासूनच्या तापासाठी’ असं लिहिलं की ताप आधीचा होता हे त्या एकाच ओळीत सिद्ध होतं.

बंद केल्यावर काय झालं

कुठल्या औषधाचं काय केलं, याला फॉर्मवर ठरावीक पर्याय असतात: बंद केलं, डोस कमी केला, वाढवला, काहीच बदल केला नाही, माहीत नाही. काकांच्या दोन्ही संशयित गोळ्या एकाच दिवशी बंद झाल्या. त्यामुळे ‘बंद केल्यावर त्रास कमी झाला’ हा पुरावा दोघींत फरक करायला चालत नाही. त्यात दुसऱ्या दिवशी स्टेरॉइड सुरू झालं, म्हणजे सुधारणेतला वाटा गोळी थांबल्याचा किती आणि स्टेरॉइडचा किती, हेही वेगळं काढता येत नाही. डॉक्टरांनी योग्य तेच केलं. रुग्ण वाचवायचा की पुरावा गोळा करायचा, असा प्रश्नच नसतो. फक्त स्टेरॉइडचं नाव, डोस आणि तारीख वर्णनात असली पाहिजे.

पुढचा रकाना: औषध पुन्हा दिल्यावर रिअ‍ॅक्शन परतली का? ड्रेसमध्ये संशयित औषध मुद्दाम पुन्हा देऊन पाहत नाहीत, जिवावर बेतू शकतं. उत्तर: पुन्हा दिलं नाही.

मग येतो गांभीर्याचा भाग. इथे ‘सीरियस’ याचा अर्थ ‘खूप त्रास झाला’ असा नाही. मृत्यू, जिवाला धोका, रुग्णालयात भरती व्हावं लागणं किंवा तिथला मुक्काम लांबणं, अपंगत्व, बाळात जन्मजात दोष, किंवा यापैकी काही होऊ नये म्हणून करावे लागलेले उपचार, अशी ठरलेली यादी आहे. रात्रभर जीव नकोसा करणारी खाज या यादीत बसत नाही. काका भरती झाले, म्हणून त्या चौकटीत खूण. पण यादीत न बसणाऱ्या रिअ‍ॅक्शनही कळवता येतात, आणि आधीपासून माहीत असलेल्याही.

राहिला शेवट, म्हणजे ‘आउटकम’. बरा झाला, बरा होतोय, बरा झाला नाही, बरा झाला पण काही दोष मागे राहिला, मृत्यू, माहीत नाही, असे पर्याय. सर्वाधिक चुका इथे होतात, कारण आपल्याकडे डिस्चार्ज मिळाला की माणूस बरा. काकांचा रिपोर्ट 5 जुलैला गेला. ताप उतरला होता, पुरळ फिकं पडलं होतं, पण एसजीपीटी अजून 210 होता. म्हणजे उत्तर ‘बरा होतोय’, आणि बरं झाल्याच्या तारखेचा रकाना रिकामा.

सुरुवातीच्या त्या चार वाक्यांच्या जागी वर्णनात आता हे येईल:

‘पुरुष, 52 वर्षं, 68 किलो. ट्रायजेमिनल न्यूराल्जियासाठी 3 जूनपासून कार्बामॅझेपिन, 10 जूनला डोस दुप्पट. 24 जूनला ताप आणि घसादुखी, त्यासाठी 26 जूनपासून अ‍ॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेट. 28 जूनला छाती-पाठीवर पुरळ, 29 ला चेहऱ्यावर सूज, मानेत गाठी. 30 जूनला भरती, दोन्ही औषधं आणि चूर्ण बंद. इओसिनोफिल 2100, एसजीपीटी 380. 1 जुलैपासून प्रेडनिसोलोन 60 मिग्रॅ रोज. 3 जुलैपासून ताप नाही. 5 जुलैला पुरळ फिकट, एसजीपीटी 210. अ‍ॅम्लोडिपिन चालूच. याआधी कुठल्या औषधाची रिअ‍ॅक्शन नाही.’

यात ‘मुळे’ हा प्रत्यय एकदाही आलेला नाही. कारण ठरवणं हे कळवणाऱ्याचं काम नाही. तुमचा संशय संशयिताच्या रकान्यात आलाच आहे.

केंद्रात हा रिपोर्ट जागतिक आरोग्य संघटना आणि स्वीडनमधल्या उप्साला केंद्राच्या पद्धतीने तपासतात. ‘सर्टन’, ‘प्रॉबेबल’, ‘पॉसिबल’, ‘अनलाइकली’ अशा पायऱ्या असतात. कार्बामॅझेपिनला इथे बहुधा ‘प्रॉबेबल’ मिळेल आणि अँटिबायोटिकला फार तर ‘पॉसिबल’. चूर्णातल्या घटकांचा पत्ता नसल्याने एखादा तपासनीस कार्बामॅझेपिनलाही एक पायरी खाली ठेवेल, आणि ते चूक म्हणता येणार नाही. सुरुवातीचं चार ओळींचं पत्र आलं असतं तर ‘मूल्यमापन शक्य नाही’ यापलीकडे काही लिहिता आलं नसतं.

तिथून रिपोर्ट गाझियाबादला आणि पुढे उप्सालाच्या जागतिक नोंदसंग्रहात जातो. एका काकांच्या रिपोर्टवरून काही ठरत नाही. पण एकाच औषधाशी एकच त्रास वेगवेगळ्या गावांतून, तारखांसकट जोडला जायला लागला की तज्ज्ञ त्यात लक्ष घालतात. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक अ‍ॅसिडबाबत 30 नोव्हेंबर 2023 ला सुरक्षा इशारा निघाला तो असाच, देशात जमलेल्या रिपोर्टांच्या प्राथमिक तपासणीवरून. त्यातली रिअ‍ॅक्शनही ड्रेसच होती. आता विचार करा, ही गोळी लोक दोन-तीन दिवस घेतात आणि विसरतात. काही आठवड्यांनी ताप-पुरळ आल्यावर ‘महिन्याभरात काय काय घेतलं’ असं कुणी खोदून विचारलंच नाही, तर तिचं नाव कागदावर येणारच कसं? म्हणून तारखांचा कागद निदान दोन महिने मागे न्यायचा.

दुसरा रिपोर्ट

रिपोर्ट दिल्यावर मिळालेला नंबर जपून ठेवा. पुढची माहिती त्याच नंबराखाली ‘फॉलो-अप’ म्हणून द्यायची असते. नवा फॉर्म पहिल्यासारखा भरला तर एकाच माणसाचे दोन रुग्ण मोजले जातात. रुग्णालयाने आधीच कळवलंय का, हेही यासाठीच विचारून घ्यायचं.

काकांच्या गोष्टीत फॉलो-अप महत्त्वाचा ठरतो. 8 जुलैला डिस्चार्ज झाला. स्टेरॉइडचा डोस उतरवत आणला तेव्हा 18 जुलैला पुन्हा हलका ताप आणि पाठीवर पुरळ. घरचे घाबरले, ‘आता तर कुठलीच गोळी नाही, मग परत कसं?’ ड्रेसमध्ये असं होतं. औषध थांबलं तरी शरीरातली गडबड काही आठवडे धुमसत राहते आणि स्टेरॉइड कमी होताच वर येते. डोस थोडा वाढवून मग फार सावकाश उतरवला. इथे ‘पुन्हा दिल्यावर रिअ‍ॅक्शन परतली’ या चौकटीत खूण करायची नाही, कारण कार्बामॅझेपिन पुन्हा दिलेलंच नव्हतं. तशी खूण चुकून झाली तर रिपोर्ट भलताच भक्कम दिसेल, आणि तोही खोट्या आधारावर. लिहायचं ते एवढंच: ‘18 जुलैला स्टेरॉइड कमी करताना ताप-पुरळ परतलं, संशयित औषध पुन्हा दिलेलं नाही.’ 9 सप्टेंबरला एसजीपीटी आणि इओसिनोफिल नॉर्मल आले, 30 सप्टेंबरला स्टेरॉइड बंद झालं, त्यानंतरच्या तपासणीतही काही निघालं नाही. आता आउटकम बदलतं: ‘बरा झाला’.

या फॉलो-अपची एक प्रत काकांच्या फाइलला लावायची, कारण गालातली कळ परत येऊ शकते आणि पुढचे डॉक्टर वेगळे असू शकतात. कार्बामॅझेपिन चालत नाही म्हटल्यावर या दुखण्यात लगेच आठवणारा पर्याय म्हणजे ऑक्सकार्बाझेपिन. ते त्याच घराण्यातलं औषध आहे. ज्याला एकाने ड्रेस झाला त्याला दुसऱ्यानेही होण्याचा धोका असतो, आणि तसाच तो फेनिटॉइन आणि फेनोबार्बिटल यांचाही. ही तीन नावं फाइलच्या पहिल्या पानावर, कार्बामॅझेपिनच्या खालीच लिहून ठेवायला डॉक्टरांना सांगा.